पायातलं कुरूप आणि घट्टा: घरी काय करायचं, आणि शुगर असेल तर ब्लेड का लावायचं नाही

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पायाला घट्टा पडला की तो कापायची रीत ठरलेली आहे. रविवारी अंघोळ झाली की कातडी भिजलेली असते, तेवढ्यात उंबऱ्यावर बसायचं, दाढीचं ब्लेड अर्धं मोडून घ्यायचं आणि पांढरी कातडी पापुद्र्यासारखी काढत जायची. ज्याला शुगर नाही त्याचं यात बहुतेक वेळा निभावून जातं. शुगर असलेल्या माणसाचं मात्र याच ब्लेडाने बोट जातं, कधी पाऊलही जातं. ड्रेसिंगच्या टेबलावर असे पाय मी सतत बघतो आणि त्यातल्या बऱ्याच जखमा घरीच, स्वतःच्या हाताने सुरू झालेल्या असतात. म्हणून या लेखात दोन वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत: शुगर नसलेल्याने काय करायचं आणि शुगर असलेल्याने काय करायचं.

आधी ओळखा: घट्टा, कुरूप की चामखीळ

कातडीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आला किंवा घासलं गेलं की ती स्वतःला वाचवायला जाड होते. पसरट, पिवळसर, कडा नीट न दिसणारी जाडी म्हणजे घट्टा. तो टाचेला, अंगठ्याच्या बुडाशी आणि चवड्यावर पडतो. निपाणीकडे दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर जो काळपट जाड डाग असतो तोही घट्टाच. तो चपलेने नाही, बसण्याने पडतो. तिथे चप्पल बदलून उपयोग नाही, घोट्याखाली जाड घडी घालायची.

कुरूप लहान असतं, पण खोल असतं. वरून गोल दिसतं आणि मधोमध कडक गाभा असतो. तो गाभा आत हाडाकडे रुतलेला असल्यामुळे त्यावर सरळ दाबलं की कळ येते. करंगळीच्या वरच्या बाजूला, वाकड्या झालेल्या बोटाच्या सांध्यावर ते हमखास सापडतं. चौथं बोट आणि करंगळी यांच्या बेचक्यातलं कुरूप मात्र पांढरं आणि ओलसर असतं. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत पाय सतत भिजलेले असतात, तेव्हा लोक याला चिखल्या समजून मलम लावत बसतात. बेचक्यात एकाच जागी दाबल्यावर कळ आली आणि समोरासमोरच्या हाडांची टोकं तिथेच भिडत असली तर ते कुरूप असण्याची शक्यता जास्त.

चामखीळ तळव्यावर आली की ती कुरपासारखीच दिसते. फरक बघायला दोन गोष्टी करा. दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूने दाबा: बाजूने जास्त दुखलं तर चामखीळ, सरळ वरून जास्त दुखलं तर कुरूप. मग उजेडात बारकाईने बघा. तळव्याच्या रेषा कुरपावरून तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि आत बारीक काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूमुळे होते. ती कापली तर शेजारी आणखी उगवते.

चप्पल बदलली नाही तर बाकी सगळं वाया

कुरूप कितीही वेळा काढलं तरी दाब तोच राहिला तर काही आठवड्यांत ते परत येतं. म्हणून सुरुवात पायातल्या जोड्यापासून करायची.

संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभे राहा. बसून नको, कारण अंगावरचं वजन आल्यावर पाऊल पसरतं, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी ते थोडं सुजलेलंही असतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची रेघ घ्या, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो. आता रोजचा बूट किंवा चप्पल त्या आकारावर ठेवा. पायाची रेघ बाहेर दिसत असेल तर तिथेच, त्याच जागी, तुमचा घट्टा सापडेल. बहुतेक वेळा रेघ करंगळीच्या बाजूला आणि अंगठ्याच्या हाडाशी बाहेर येते, कारण दुकानात आपण लांबी बघतो, रुंदी बघत नाही. लांबीत सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. बुटाच्या एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. त्यामुळे 'एक नंबर कमी आहे, वापरून सैल होईल' हे लांबीच्या बाबतीत खरं नाही. चामडं रुंदीत थोडं ताणतं, लांबीत नाही. खरेदीला खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत जाल तेव्हा ही रेघ कापून सोबत न्या आणि मोठ्या पायाचा नंबर घ्या.

कोल्हापुरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती आपल्याच भागात बनते. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात, आणि २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. चप्पल उत्तम आहे, पण नवी असताना कडक असते. अंगठ्याच्या पट्टीत बोटाचा सांधा आणि पट्ट्याखाली पावलाचा वरचा भाग घासतो. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस घरातच अर्धा-पाऊण तास घालायची, घासणाऱ्या जागी आतून एरंडेल चोळायचं, आणि पायावर लाली दिसली तर त्या दिवशी परत घालायची नाही. तिचा तळ सपाट आणि कडक असल्यामुळे ज्यांच्या चवड्याला आधीच घट्टे आहेत त्यांनी ती रोज घालू नये. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांनी तर अजिबात नको. ही चप्पल आपली आहे म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तिच्या पट्टीखाली झालेली जखम बधिर पायाला कळत नाही.

शुगर नाही, पाय ठणठणीत आहेत: घरी असं करा

पाण्यात कोपर बुडवून बघा. कोमट लागलं की पाऊल त्यात दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढून घट्ट्यावर ओली वज्री किंवा प्यूमिसचा दगड हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, मागे-पुढे खसाखस नको. दहा-पंधरा वेळा फिरवून झालं की हाताने चाचपून बघा आणि कातडी गुलाबी दिसायच्या आत थांबा. एका दिवसात सगळा घट्टा काढायचा नसतो. रोज किंवा एक दिवसाआड थोडं थोडं केलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत तो निम्म्यावर येतो. वज्री घरात सगळ्यांची एकच असते, तसं करू नका. प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि वापरून झाली की साबणाने धुऊन उन्हात वाळवा.

पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, घट्ट्यावर युरिया असलेलं क्रीम लावा. औषधाच्या दुकानात १० ते २० टक्के युरियाचं क्रीम मिळतं. ते नसेल तर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल चालतं. बेचक्यात मात्र काहीही चोपडायचं नाही. तिथली कातडी ओलीने कुजते.

कुरपावरचा दाब कमी करायला मध्ये भोक असलेली फेल्टची गोल गादी मिळते. कुरूप भोकात आलं पाहिजे आणि गादी त्याच्या भोवती. बरेच जण गादी थेट कुरपावर चिकटवतात, त्याने दाब उलट वाढतो. बेचक्यातल्या कुरपासाठी दोन बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा किंवा सुकी कापसाची घडी ठेवा आणि ती रोज बदला.

कॉर्न कॅपमध्ये बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कातडी विरघळवतं, आणि मेलेली कातडी कुठली, जिवंत कुठली हे त्याला कळत नाही. शुगर नसलेल्या मोठ्या माणसाने वापरायची तर कुरपाएवढीच कापून, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावून, पाकिटावर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवावी. बेचक्यातल्या ओल्या कुरपावर, फुटलेल्या कातडीवर, गरोदरपणात आणि लहान मुलांना ती नको. जळजळ सुरू झाली की लगेच काढून पाय धुवा.

गावठी उपायांपैकी दोनांबद्दल स्पष्ट सांगतो. बिब्ब्याचा चटका आणि रुईचा चीक. बिब्ब्याच्या तेलाने कातडीला भाजल्यासारखे फोड येतात आणि ते आजूबाजूलाही पसरतात. रुईचा चीकही कातडी भाजतो. दोन्हींनी घट्टा 'मऊ' होतो तो कातडी जळाल्यामुळे. हे कुणीच करू नये.

शुगर असेल तर: कापणं, खरवडणं, जाळणं, तिन्ही बंद

शुगर बरीच वर्षं असली, विशेषतः नीट ताब्यात नसली, की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. बधिर पाय बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो. त्याच काळात पायाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, त्यामुळे जखमेला भरून यायला पुरेसं रक्त मिळत नाही. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात. म्हणजे कापलेलं कळत नाही, कळलं तरी भरत नाही, आणि भरेपर्यंत जंतू आत उतरतात. ब्लेडाचं एक मिलिमीटर चुकणं शुगर नसलेल्या माणसाला दोन दिवसांची चुणचुण देतं. इथे त्यातून हाडापर्यंत जाणारी वाट तयार होते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बधिर पायावरचा जाड घट्टा हा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा वागतो. प्रत्येक पावलाला तो खालच्या मऊ मांसावर दाबला जातो, आणि वेदना नसल्यामुळे माणूस लंगडत नाही, चालतच राहतो. आतलं मांस चिरडतं, तिथे रक्त साकळतं आणि घट्ट्याखाली पोकळी होते. बाहेरून घट्टा शाबूत असतो आणि त्याच्या पोटात जखम असते. म्हणूनच घट्ट्यात तपकिरी, काळा किंवा जांभळा ठिपका दिसला, किंवा कडेची कातडी पांढरी आणि ओली दिसली, तर त्याला घट्टा न समजता जखम समजायचं.

एक काका आठवतात. चिकोडीकडचे, ऊसवाले, वय ५८, शुगर अकरा वर्षांची, गोळ्या मनाला येईल तशा घ्यायचे. मुलीच्या लग्नासाठी नवे बूट घेतले होते, पुढून निमुळते आणि रुंदीला कमी. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस ते पायातून निघालेच नाहीत. नंतर उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आधीपासून असलेला घट्टा जाड झाला आणि मध्ये डाळीएवढा काळा ठिपका आला. काकांना वाटलं, काटा मोडलाय. अंघोळीनंतर त्यांनी ब्लेडाने ठिपक्यापर्यंत खणलं. फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा कापल्याचं समजलं. हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि रोजची चप्पल घालून शेतात पाणी पाजायला गेले. आठ-नऊ दिवसांनी सुनेला मोज्याचा वास आला. माझ्याकडे आले तेव्हा पाऊल गरम होतं, अंगठा सुजून लाल झाला होता, आणि बोथट सळई जखमेत घातली तर थेट हाडाला लागली. मी विचारलं, इतके दिवस का थांबलात? ते म्हणाले, "दुखायलंच नव्हतं बघा."

हाडाला सळई लागणं म्हणजे हाडापर्यंत जंतू गेले असण्याची दाट शक्यता. एक्स-रे झाला, मोठ्या रुग्णालयात दाखल झाले, मेलेलं मांस काढलं, शिरेतून औषधं दिली. नशिबाने पायाची नाडी चांगली लागत होती, रक्त पोचत होतं. अंगठा वाचला, पण हाडाचा एक तुकडा काढावा लागला. जखम भरायला चार महिने गेले, आणि ती भरली ती पावलाला प्लास्टर घालून त्या जागेवरचा दाब पूर्ण काढल्यावरच. त्याआधी पाच आठवडे रोज ड्रेसिंग चालू असूनही जखम जागची हलली नव्हती, कारण काका घरात अनवाणी फिरत होते.

ठिपका दिसला त्याच दिवशी ते आले असते तर काय झालं असतं? पायाची नाडी बघितली असती, नायलॉनच्या बारीक तारेने बधिरपणा तपासला असता. निर्जंतुक ब्लेडाने मेलेली कातडी थर थर उतरवली असती. मेलेल्या कातडीत वेदना नसते, त्यामुळे भूल लागत नाही. खाली छोटी जखम निघाली असती तर ती वरवरची असताना उघड्यावर आली असती. दवाखान्यात तेच ब्लेड चालतं, कारण कापणाऱ्याला मेलेली आणि जिवंत कातडी यांची सीमा दिसते, रक्तपुरवठा आधी तपासलेला असतो आणि पुढचा दाब काढायची सोयही केली जाते.

आज घरी करायची तपासणी

पाय बधिर झालाय का हे बघायला यंत्र लागत नाही. शुगरवाल्याला डोळे मिटून झोपवा आणि सांगा, स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. मग तर्जनीच्या टोकाने एक-दोन सेकंद फक्त टेकवा. ढोसायचं नाही, चोळायचं नाही, आणि एका बोटाला एकदाच. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि डावं मधलं बोट. या सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर धरायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. सगळे स्पर्श कळले म्हणून ब्लेडाला परवानगी मिळत नाही, कारण रक्तपुरवठ्याचं यातून काहीच समजत नाही.

रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कुणाला दाखवा. पाय कोमट पाण्याने धुवा, पण भिजत ठेवू नका. पाणी किती गरम आहे ते कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने बघायचं, पायाने नाही. बेचक्या कोरड्या करा, तळव्याला आणि टाचेला क्रीम लावा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा: खडा, वर आलेला खिळा, दुमडलेलं अस्तर. प्यूमिस किंवा वज्री डॉक्टरांनी पाय तपासून 'चालेल' म्हटल्याशिवाय नको, आणि पाय बधिर असेल तर मुळीच नको. कॉर्न कॅप कुठल्याच शुगरवाल्याने स्वतःहून लावू नये.

घरातही चप्पल घालायची. बधिर पायासाठी एमसीआरची चप्पल मिळते: आत मऊ स्पंजी रबर, खाली कडक तळ, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. घट्टा ज्या जागी पडतो तिथला दाब कमी होईल असा आतला तळ बनवूनही घेता येतो. सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला किंवा वारीला अनवाणी जायचा नवस असेल तर पाय बधिर असलेल्यांनी घरच्यांशी आणि पुजाऱ्यांशी बोलून दुसरा मार्ग काढावा. चैत्रातल्या उन्हात तापलेल्या फरशीवर फोड येतात आणि ते घरी आल्यावरच दिसतात.

कधी थांबायचं नाही

घट्ट्यात रक्ताचा ठिपका, भोवती लाली, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा सुजलेला, पाणी किंवा पू, वास, काळं पडलेलं बोट, ताप. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. दुखत नाही हे कारण धरायचं नाही. जाताना तीच चप्पल सोबत न्या, शुगरचे जुने रिपोर्ट न्या आणि पहिल्या वाक्यात शुगर आहे हे सांगा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर 'सक्करे कायिले' म्हटलं की त्यांना लगेच समजतं. तोपर्यंत पायावर वजन टाकू नका, जखमेवर हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका, स्वच्छ कोरडं कापड सैल बांधा.

एकदा जखम होऊन भरलेल्या पायाला ती परत होण्याचा धोका नेहमीच जास्त असतो. अशा माणसाने आणि ज्यांचा घट्टा सारखा येतो त्यांनी दर एक-दोन महिन्यांनी पाय दाखवून घट्टा तिथेच उतरवून घ्यावा. बाकी शुगरवाल्यांनी, काही त्रास नसला तरी, वर्षातून एकदा मोजे काढून दोन्ही पाय डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, आणि डॉक्टरांनी स्वतःहून बघितले नाहीत तर 'पाय बघा' म्हणून सांगावं.